‘स्ले’ ऐकून घाबरू नका, ‘अनअलाइव्ह’ मात्र नीट ऐका



बोईसरजवळच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला एक चिठ्ठी पाठवली. नववीच्या वर्गात ऐकलेले आणि बाकांवर खरडलेले शब्द त्यांनी एकाखाली एक उतरवून काढले होते: रिझ, स्ले, डेलुलू, सिक्स-सेव्हन, अनअलाइव्ह. खाली लिहिलं होतं, ‘यातल्या कोणत्या शब्दाला रागवायचं आणि कोणता सोडून द्यायचा, एवढं तरी सांगा.’

प्रश्न बाईंचा असला तरी तो आपल्या घरातलाही आहे. शाळेतून निरोप येतो की तुमच्या मुलीच्या वहीत असंतसं लिहिलेलं सापडलं. शब्द आईला कळत नाही, बापाला कळत नाही, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ लोक वाईटच धरतात. मग मुलीचा फोन जातो, क्लास बंद होतो, कधी शाळेवरच गदा येते. म्हणून हे शब्द जरा उलगडून बघू.

आधी ‘स्ले’. बाईंच्या शाळेत स्नेहसंमेलनात मुलींनी तारपा नाच केला. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीवर मैत्रिणीनं लिहिलं, ‘काल तू स्ले केलंस!’ बाईंनी इंग्रजी शब्दकोश उघडला, तर अर्थ निघाला ठार मारणं. त्या हबकल्याच. पण मैत्रिणीला म्हणायचं होतं, काल तू स्टेज गाजवलंस. ही कौतुकाची थाप आहे, दुसरं काही नाही.

मारण्याचा शब्द कौतुकाचा कसा झाला, हे आपल्याला अवघड जाऊ नये. आपणही ‘खल्लास’ म्हणतोच की. खल्लास म्हणजे संपलं, पण लग्नात नटून आलेल्या वहिनीला पाहून नणंद ‘खल्लास!’ म्हणते तेव्हा कोणी डॉक्टरला बोलावत नाही. ‘स्ले’ची वाट तशीच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातल्या समलिंगी व तृतीयपंथी लोकांच्या नटण्याच्या, चालण्याच्या आणि नाचण्याच्या स्पर्धा होत. बाहेर त्यांना कोणी मान देत नव्हतं, म्हणून ती मंडळी आपसात एकमेकांना मान देत. तिथे हा शब्द कौतुकाचा झाला, पुढे गाण्यांतून आणि इंटरनेटवरून जगभर गेला. आज पालघरची मुलगी तो केसांना लावलेल्या नव्या क्लिपसाठीही वापरते.

‘रिझ’ला जरा जास्त वेळ द्यायला हवा, कारण घरात भांडण लावणारा शब्द तो आहे. इंग्रजीत ‘करिझ्मा’ म्हणजे माणसाची छाप, त्याच्यातली ओढ. त्याच्या मधला तुकडा कापून काढला की उरतं रिझ. असं शब्द कापणं नवं नाही. ‘रेफ्रिजरेटर’चा मधला तुकडा आपण ‘फ्रिज’ म्हणून स्वयंपाकघरात ठेवलाच आहे. काय सेनात नावाच्या अमेरिकेतल्या एका तरुणानं इंटरनेटवरच्या आपल्या थेट कार्यक्रमांतून ‘रिझ’ पसरवला, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी २०२३ साली तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. गंमत म्हणजे मराठीत ‘रिझवणं’ हा आपला जुना शब्द आहेच. दोघांचं नातं काही नाही, नुसता योगायोग आहे. पण अर्थ लक्षात ठेवायला आपल्याला सोपं.

आता हा शब्द वाक्यात कसा येतो ते पाहा. ‘त्याच्यात रिझ आहे’ म्हणजे तो बोलला की मुली ऐकत राहतात. एवढंच. त्यात प्रेमप्रकरण नाही. ‘तो तिला रिझ करतोय’ म्हणजे तो तिच्यावर छाप पाडायला बघतोय. इथे तिला ते आवडतंय की नाही, हे विचारायला हवं. आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही अशा मुलाला चार जण मिळून ‘काय रिझ आहे रे तुझा!’ म्हणतात, तेव्हा शब्द तोच असला तरी ती चक्क टिंगल आहे. म्हणजे बाईंनी शब्दाकडे पाहून उपयोग नाही, ज्याच्याबद्दल तो बोलला गेला त्याच्या चेहऱ्याकडे पाहावं. तो हसत असेल तर सोडून द्यावं. तो मान खाली घालून दप्तर आवरत असेल, तर रागवायची वेळ आहे, आणि तेही चिडवल्याबद्दल, इंग्रजीबद्दल नव्हे.

‘डेलुलू’चंही असंच आहे. इंग्रजीत भ्रमात असलेल्याला जो शब्द आहे, त्याचं हे लाडकं रूप. नापास होणार हे दिसत असताना ‘मी पहिली येणार’ म्हणणारी मुलगी स्वतःला हसून डेलुलू म्हणते. स्वतःला म्हटलं तर विनोद, दुसरीला रोज म्हटलं तर टोमणा.

‘सिक्स-सेव्हन’चा अर्थ शोधत बसू नका. एका अमेरिकी रॅप गाण्यातून ते आकडे उचलले गेले, आणि अर्थ नसणं हीच त्यातली मजा आहे. गणिताच्या तासाला सहा आणि सात लागोपाठ आले की वर्ग खिदळतो. बाईंनी एकदा स्वतःच म्हणून दाखवावं, बहुधा मजाच निघून जाईल.

हे सगळं आपल्याकडे पोचलं रील आणि छोट्या व्हिडिओंमधून. तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराचा मुलगा असो की पाड्यावरची मुलगी, पडद्यावर दिसतं एकच. घरी कोणी वारली बोलतं, कोणी मांगेली, कोणी भोजपुरी, कोणी गुजराती. वर्गात या शब्दांवर सगळ्यांचं जमतं. आमच्या मते मोठ्यांना ते कळत नाहीत, ही त्यांची निम्मी गोडी आहे.

राहिला ‘अनअलाइव्ह’. बाईंनी तो यादीत सगळ्यात खाली लिहिला होता, आणि आम्ही सगळ्यात आधी त्याच्यासाठीच त्यांना फोन केला. त्याचा शब्दशः अर्थ ‘जिवंत नसलेला’. मृत्यू, आत्महत्या असे शब्द वापरले तर व्हिडिओ काढून टाकला जाईल किंवा लोकांपर्यंत पोचणार नाही, या धास्तीनं व्हिडिओ करणाऱ्यांनी हा आडवळणाचा शब्द काढला. मुलं तो गमतीतही वापरतात. ‘एवढा होमवर्क! मी अनअलाइव्ह होणार’ हे आपल्या ‘मेले गं बाई’सारखंच. म्हणजे शब्दकोशात मारणारा ‘स्ले’ निरुपद्रवी, आणि कानाला मऊ लागणारा हा शब्द कधी कधी खरोखर जिवाशी येणारा.

गंमत कुठली आणि खरं कुठलं, हे एका वाक्यावरून नाही, आजूबाजूच्या वागण्यावरून कळतं. मुलगी पुन्हा पुन्हा तेच बोलते किंवा लिहिते, जेवण आणि झोप बिघडते, मैत्रिणी तुटतात, आवडीच्या वस्तू वाटून टाकते, ‘मी नसले तर बरं होईल’ म्हणते, तर ती गंमत धरू नका. तिला बाजूला घेऊन सरळ शब्दांत विचारा, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकदा मुलीला मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. टेलिमानसचा नंबर १४४१६, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८. दोन्ही फुकट लागतात, रात्रीसुद्धा.