खाते क्रमांक वाचा, एकेक आकडा

म्हैसूरमध्ये तुमच्या घरी स्टेट बँक ऑफ मैसूरचं जुनं पासबुक अजून असेल, तर ते आठवण म्हणून जरूर ठेवा, पण त्यावरून पैसे पाठवू नका. १९१३ साली सुरू झालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. त्यानंतर SBMY ने सुरू होणारे शाखांचे आयएफएससी कोड बदलून SBIN ने सुरू होणारे झाले. म्हणून पडताळणीची पहिली पायरी म्हणजे समोरचा कागद आजचा आहे ना, हे पाहणं. शक्यतो नवं पासबुक किंवा चेकच घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवलेला नंबर ही नक्कल असते, मूळ कागद नव्हे.

एवढी काळजी का? रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेनुसार ऑनलाइन पाठवलेले पैसे फक्त खाते क्रमांक पाहून जमा करता येतात. नाव जुळलंच पाहिजे असं नाही. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तरी तो पकडता येतो. सगळ्या बँकांच्या खाते क्रमांकांना मात्र अशी एकसारखी सोय नाही. चुकीचा नंबर दुसऱ्या कुणाचा खराखुरा नंबर असू शकतो.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. पासबुकावर 90900047152 आहे आणि तुम्ही 90900471552 लिहिलंत. एक शून्य गळलं, एक पाच वाढला. दोन्हीकडे आकडे अकराच, त्यामुळे नुसतं मोजून चूक कळत नाही. ॲप नंबर दोनदा टाइप करायला लावतं, पण दोन्ही वेळा याच नकलेवरून टाइप केलंत, तर तेही मुकाट्याने पुढे जातं.

आता गट पाडा: 909, 0004, 7152. आणि तुमचे: 909, 0047, 1552. दुसऱ्याच गटात फरक दिसतो.

घरात दोघं असाल तर एकाने पासबुक पाहून वाचावं, दुसऱ्याने स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवावं. ‘एकोणसत्तर’ म्हणू नका, कारण घाईत ते ‘एकोणऐंशी’ ऐकू येतं. ‘सहा, नऊ’ असं सुटं म्हणा. ‘तीन शून्यं’ न म्हणता ‘शून्य, शून्य, शून्य’ म्हणा. एकटे असाल तर शेवटच्या आकड्यापासून उलटं जुळवा. सवयीने पुढचा आकडा गृहीत धरला जात नाही. आयएफएससीतलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

कागदच चुकीचा असेल, तर ही पडताळणी कामाची नाही. त्यासाठी एनईएफटी करताना खातेदाराचं नाव दाखवणारी सोय वापरा. ती देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. मग आधी एक रुपया पाठवा आणि तो मिळाल्याचं फोनवर विचारून घ्या. मोठी रक्कम त्यानंतरच.