अंधाऱ्या माजघरात आरसा कुठे लावावा?

जुन्नर, घोडेगाव, मंचर या गावांच्या जुन्या वस्तीत अजूनही अशी घरे आहेत, की ज्यांच्या दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत. रुंदी आठ-नऊ फूट आणि लांबी मात्र मागे परसापर्यंत. उजेड येणार तो पुढच्या अंगाने किंवा मागच्या दाराने. मधल्या खोलीत भर दुपारी तांदूळ निवडायला बसले, तरी खडा दिसत नाही. बाजूला खिडकी पाडावी, तर भिंत शेजाऱ्याचीही आहे. वरून उजेड घ्यावा, तर डोक्यावर माळा आहे. ज्यांच्या खोलीवर थेट कौले आहेत, त्यांनी दोन काचेची कौले बसवावीत. त्यांचे काम तेवढ्यात होईल. ज्यांना तो मार्ग नाही, त्यांनीच आरशाचा विचार करावा.

आरसा उजेड निर्माण करीत नाही. समोरून येतो तेवढाच तो परत पाठवितो, आणि तोही एकाच दिशेला. पांढऱ्या भिंतीचे तसे नाही. तिच्यावर पडलेला उजेड ती खोलीभर पसरविते. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रे दाखविण्यासाठी वाटाडे बाहेर उन्हात आरसा किंवा चकचकीत पत्रा धरीत आणि तो कवडसा आत पांढऱ्या कापडावर घेत. मग त्या कापडावरून भिंतीवरची चित्रे उजळत. उजेड आणणारा आरसा आणि उजेड वाटणारे पांढरे कापड, अशी ती जोडी होती. आपल्या घरातही हाच क्रम ठेवावा. आधी भिंतींना आणि माळ्याच्या तक्तपोशीला चुन्याचे दोन हात द्यावेत. धुराने काळवंडलेल्या खोलीत आरसा लावला, तर तो काळोखच दुप्पट करून दाखवील.

जागा कशी शोधावी

एक खोली धरून चालू. आठ फूट रुंद, सोळा फूट लांब. एका आखूड भिंतीच्या मधोमध तीन फूट रुंदीची खिडकी आहे आणि तिच्यातून आकाश दिसते. सासूबाई निवडण-टिपण करायला खिडकीपासून बारा फूट आत, डाव्या लांब भिंतीपासून दोन फुटांवर बसतात. त्यांना बसल्या जागी खिडकी दिसावी, म्हणून आरसा उजव्या लांब भिंतीवर हवा. पण नेमका कुठे?

उजेडाचा नियम साधा आहे. तो ज्या कोनाने आरशावर येतो, त्याच कोनाने परत जातो. खिडकीचा मध्य उजव्या भिंतीपासून चार फुटांवर आणि सासूबाई सहा फुटांवर आहेत. म्हणून बारा फुटांचे अंतर चारास सहा असे वाटावे. आरशाचा मध्य खिडकीच्या भिंतीपासून पावणेपाच ते पाच फुटांच्या दरम्यान येतो. साडेतीन फुटांवर सुरू होऊन सहा फुटांवर संपणारा, म्हणजे अडीच फूट रुंदीचा आरसा असेल, तर खिडकीची पूर्ण रुंदी त्यात मावते. जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होणारा तीन फूट उंचीचा आरसा बसलेल्या आणि उभ्या, दोन्ही माणसांना उपयोगी पडतो.

हिशेब नको असेल, तर दाढीचा किंवा फणी-करंड्याचा साधा सपाट आरसा घ्यावा. सासूबाईंनी नेहमीच्या जागी बसावे, सूनबाईंनी तो आरसा भिंतीला चिकटवून हळूहळू सरकवावा आणि विचारावे, “आत्याबाई, आता आभाळ दिसतं का?” जिथे “दिसतं” असे उत्तर येईल, तिथे कोळशाने खूण करावी. पैसे खर्चण्याआधी ही परीक्षा जरूर करावी. खिडकीसमोर पडवीचे खाली उतरलेले छप्पर असेल, तर आरशात आकाशाऐवजी छपराची वाशी-कौलेच दिसतील. अशा ठिकाणी आरशाने फारसे साधणार नाही.

जागा बरोबर असेल, तर उजव्या भिंतीत जणू दुसरी खिडकी उघडते. खोली आरशामागे आणखी आठ फूट गेल्यासारखी वाटते, आणि कोंदटपणाची भावना कमी होते. पण दुसऱ्या खिडकीइतका उजेड मात्र येत नाही. बारीक कामाला दिवा लागत असेल, तर तो लागेलच.

कुठे उलटते

सर्वांत मोठी चूक म्हणजे खिडकीसमोरच्या, टोकाच्या आखूड भिंतीवर मोठा आरसा लावणे. त्याने रुंदी वाढत नाही. लांबी दुप्पट दिसून खोली बोगद्यासारखी होते. शिवाय असा आरसा जमिनीपर्यंत असेल, तर तिथे दार आहे असे वाटून खेळणारे मूल किंवा मोतीबिंदू झालेले आजोबा त्यावर जाऊन आदळतात. म्हणून खालची कड अडीच फुटांवर ठेवावी.

दुसरे, आरशासमोर काय आहे ते पाहावे. समोर कांद्याच्या गोण्या आणि बटाट्याच्या पाट्या रचलेल्या असतील, तर एका ढिगाचे दोन ढीग दिसतात आणि खोली अधिकच भरलेली वाटते. समोरची भिंत मोकळी व पांढरी हवी. उघडा बल्ब समोर असेल, तर एकाचे दोन बल्ब डोळ्यांत घुसतात. तो बाजूला घ्यावा.

तिसरे, ऊन. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी थेट ऊन आरशावर पडत असेल, तर कवडसा डोळे दिपवितो. सपाट आरशाच्या कवडशाने आग लागत नाही. पण तोंड मोठे दाखविणारा खोलगट आरसा ऊन एका ठिपक्यात गोळा करतो, आणि त्या ठिपक्यात कडबा, भुसा किंवा गोणपाट आले, तर ते पेटू शकते. असा आरसा खिडकीत कधीही ठेवू नये. वापर झाला की पालथा घालावा.

चौथे, चिमण्या. उघड्या खिडकीजवळच्या आरशात आपलेच रूप पाहून चिमणी त्याला दुसरी चिमणी समजते आणि दिवसभर टोची मारीत बसते. विणीच्या दिवसांत तर हा त्रास फार. तेवढे दिवस त्यावर फडके टाकावे.

लावताना

वर सांगितलेला आरसा चार मिलिमीटर जाडीचा घेतला, तर नुसती काच सुमारे सात किलो भरते. मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत खिळा पकड घेत नाही. आज ठोकला, की पावसाळ्यात ढिला होतो. म्हणून आरसा लाकडी चौकटीत बसवून वरून तुळईला तारेने बांधावा, आणि खालून भिंतीत पक्क्या गाडलेल्या लाकडी फळीवर टेकवावा. सारा भार एका खिळ्यावर सोडू नये.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात भिंतींना ओल येते. ओल्या भिंतीला टेकलेल्या आरशाचा पाठचा मुलामा कडेपासून काळा पडत जातो, आणि तो पुन्हा चांगला होत नाही. चौकटीमागे चारी कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लाकडी तुकडे ठोकले, की मागून हवा खेळते. चूल त्याच खोलीत असेल, तर काचेवर काजळीचा थर बसतो. आठवड्यातून एकदा ओल्या कागदाने आणि मग कोरड्या फडक्याने तो पुसावा. पाणी थेट काचेवर ओतू नये. ते कडेने मागे शिरले, की मुलाम्याची तीच गत होते.