शिसवी खांब की सागवानी? धारूरकडच्या एका वाड्याची गोष्ट

या भागाचं हे शब्दांकन. ऐकताना ज्यांचं काही निसटलं असेल, त्यांनी इथे निवांत वाचावं.

बीड जिल्ह्यात धारूरकडच्या एका गावात माळवदाचा वाडा उतरवला. मागे राहिलं एक कोरीव दार, त्याची चौकट आणि चार खांब. दोघा भावांत वाटणी ठरली: थोरल्याला खांब, धाकट्याला दार. पण खांब काळेभोर आणि जड, म्हणून ते 'शिसवी' ठरले. दार 'नुसतं सागवानी'. मग धाकट्याला वरून पैसे किती द्यायचे, यावर बोलणं अडलं. त्यांनी मला बोलावलं.

मी आधी रंगाकडे बघितलंच नाही. चुलीचा धूर, दरवर्षीचा तेलाचा हात आणि माणसांच्या पाठी घासून सागवानही शंभर वर्षांत काळं होतं. खरं लाकूड आत असतं. खांबाचं वरचं कुसू, म्हणजे तुळईच्या खाचेत बसणारं टोक, नंतर कुणाला दिसत नाही. त्याचा आडवा छेद धारदार पात्यानं नखाएवढा साफ केला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. सागाच्या छेदात मोठी छिद्रं ओळीनं येतात आणि वर्षाचं एकेक वलय स्पष्ट दिसतं. शिसवात छिद्रं विखुरलेली असतात, वलयं अशी उठून दिसत नाहीत, आणि ताजा छेद जांभळट तपकिरी निघतो. इथे सोनेरी तपकिरी रंग, ओळीतली छिद्रं आणि जुन्या चामड्यासारखा तेलकट वास होता.

तरी थोरले म्हणाले, "पण वजन बघा की हो!" बरोबर आहे, बघू. एका कुसवाचा आधीच तुटलेला, कोरडा तुकडा घेतला. सोनाराच्या काट्यावर तो १३ ग्रॅम भरला. मापाच्या नळीत सुईनं पूर्ण बुडवला, तर पाणी २० मिलिलिटर चढलं. १३ भागिले २० म्हणजे ०.६५. साग साधारण इथेच बसतो. शिसव ०.८५ च्या आसपास, म्हणजे तेवढाच तुकडा १७ ग्रॅम भरला असता. खांब जड वाटले ते जाड होते म्हणून. एक सांभाळा: तुकडा ओला किंवा कीड लागलेला असेल तर हा हिशोब फसतो. आणि नुसत्या वजनावर जाऊ नका, कारण बाभूळही जड असते. भिंग आणि वजन दोन्ही जुळलं पाहिजे.

आता वय. खांब खाली चौकोनी, वर सुरूच्या झाडासारखे निमुळते, माथ्याला पाकळ्या. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७च्या सुमाराचा, तिथे हाच घाट दिसतो. म्हणून घरच्यांचं म्हणणं, "पेशवाईतले." पण घाट सुताराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मराठवाड्यात निजामाच्या काळातही असे खांब घडत होते. घाटावरून 'याच्या आधीचे नसावेत' एवढंच कळतं, 'तेव्हाचेच' हे कळत नाही.

म्हणून मागची बाजू बघायची, जिथे कुणी रंधा मारायची तसदी घेतली नाही. खांबांच्या मागे तासणीचे उथळ, ओबडधोबड घाव होते. गोल करवतीच्या कमानदार रेघा कुठेच नव्हत्या, म्हणजे काम हाताचं. आणखी एक सापडलं: दोन खांबांत मध्येच रिकाम्या खाचा, ज्यांचा या वाड्यात काही उपयोगच नव्हता. म्हणजे हे खांब आधी दुसऱ्या कुठल्या घरात उभे होते. वाड्याचं बांधकाम कागदावर ज्या सालचं असेल, खांब त्याहून जुने.

दाराचं उलट निघालं. चौकट जुनी: उंबरठ्यात आणि वरच्या पट्टीत दाराची टोकं फिरायचे खळगे होते, आणि घडीव चौकोनी खिळे. पण फळ्या बिजागरीवर, गोल तारेच्या खिळ्यांनी ठोकलेल्या. असे कारखान्यातले खिळे आपल्याकडे १९व्या शतकाच्या अखेरीपासून रुळले. आता खिळा दुरुस्तीतही येतो, म्हणून मी फळ्यांवर जुन्या चौकोनी खिळ्यांची भोकं शोधली. एकही नव्हतं. म्हणजे फळ्याच नंतरच्या, गणेशपट्टीची चौकट मात्र मूळची.

नेमकं साल मी दिलं नाही. कार्बन चाचणीही गेल्या तीनशे वर्षांतल्या लाकडाला एकच साल देत नाही, दोन-तीन कालखंड समोर ठेवते. आणि ती सांगते झाड कधी वाढलं ते, सुतारानं कधी घडवलं ते नाही.

भावांना मी इतकंच सांगितलं: दोन्हीकडे सागच आहे, शिसवाचा फरक द्यायचं कारण नाही. थोरले जरा गप्प झाले. मग धाकट्याला म्हणाले, "चौकट आणि फळ्या वेगळ्या विकू नकोस मात्र."

तुमच्याकडे वाडा उतरवत असतील तर घासकाम आणि पॉलिश आधी करू नका. खिळे, घाव, रिकाम्या खाचा यांचे फोटो काढा आणि कुठला खांब कुठे होता ते खडूनं लिहून ठेवा. पॉलिश पेपर फिरला की हे सगळं पुसलं जातं.

भेटू पुढच्या भागात.