परीक्षा केंद्राची मागणी: पत्रातला प्रत्येक आकडा मोजून लिहावा

आपल्या महाविद्यालयात विद्यापीठाचं परीक्षा केंद्र नसेल, तर दर सत्राला मुलांना पेपरसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं. सकाळच्या पेपरला पहाटे उठून एसटी धरायची, ती चुकली तर वडापवाल्याच्या मिनतवाऱ्या करायच्या. महिनाभर चालणाऱ्या परीक्षेत हा खर्च आणि ही दगदग अनेक घरांना पेलत नाही, आणि त्याचा पहिला फटका मुलींना बसतो. म्हणून प्राचार्य विद्यापीठाला पत्र लिहितात. महाराष्ट्रात ते परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे जातं. विषय साधारण असा असतो: ‘महाविद्यालयास परीक्षा केंद्र म्हणून मान्यता मिळणेबाबत.’

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...’ इथपर्यंत सगळी पत्रं सारखीच असतात. खरी परीक्षा त्यापुढच्या तक्त्यात होते: खोल्या किती, कॅमेरे किती, पर्यवेक्षक किती. एक नमुना घेऊन हा तक्ता तपासू. समजा, महाविद्यालयात ३६० विद्यार्थी आहेत, सध्याचं केंद्र ३४ किलोमीटरवर आहे आणि पत्राच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं आहे: ‘एकूण खोल्या १४, आसनक्षमता ७००, सीसीटीव्ही कॅमेरे १२, पर्यवेक्षक ११.’

आधी खोल्या पाहू. चौदापैकी तीन प्रयोगशाळा, एक ग्रंथालय, एक संगणक कक्ष आणि एक कार्यालय. परीक्षेला उरल्या आठ. खोलीत पन्नास मुलं बसतात ती वर्गात, एका बाकावर दोघं-तिघं. परीक्षेला एका बाकावर एकच, आणि दोन रांगांमधून पर्यवेक्षकाला फिरता आलं पाहिजे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद खोली धरा. फळा, टेबल आणि दारासाठी पुढचे सहा फूट सोडले, की लांबीला चोवीस फूट उरतात. चार-चार फुटांवर एक याप्रमाणे सहा बाक मागेपुढे बसतात आणि रुंदीला चार रांगा. म्हणजे खोलीत २४ मुलं आणि आठ खोल्यांत १९२. मसुद्यातल्या ७०० चे हे १९२ झाले.

पण त्यामुळे मागणी कमजोर होत नाही. ३६० मुलं एकाच वेळी पेपरला बसत नाहीत. वर्ष आणि शाखेप्रमाणे सत्रं वेगळी पडतात. वेळापत्रक समोर ठेवून सर्वांत गर्दीचं सत्र काढायचं. ते १७५ मुलांचं निघालं, तर १९२ जागा पुरून उरतात. पत्रात लिहायचं ते हेच: ‘सर्वाधिक विद्यार्थिसंख्येच्या सत्रात १७५ परीक्षार्थी, उपलब्ध आसने १९२.’ सोबत प्रत्येक खोलीचा क्रमांक, मोजमाप आणि बैठक आराखडा जोडायचा. तळमजल्यावरची एक खोली वेगळी नोंदवावी. पाय मोडलेला किंवा अपंग विद्यार्थी जिना चढू शकत नाही. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला वेगळी जागा लागते, तीही याच हिशेबात धरावी.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत संख्येपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: त्यांना काय दिसतं आणि चित्रण किती दिवस टिकतं. आठ खोल्यांना आठ, दोन वऱ्हांड्यांना दोन, प्रश्नपत्रिका छापायच्या खोलीला एक आणि फाटकाला एक, असे बारा कॅमेरे कागदावर चोख बसतात. पण खिडकीकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात उजेडापुढे मुलं नुसती काळी दिसतात, आणि एका कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला त्याच्याच खालचा बाक दिसत नाही. तपासायची रीत सोपी आहे. ज्या वेळेला पेपर असतो त्याच वेळेला प्रत्येक बाकावर एकाला बसवायचं आणि पडद्यावर त्याचे दोन्ही हात दिसतात का, ते पाहायचं.

साठवणुकीचा हिशेब बहुतेक ठिकाणी राहून जातो. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने चित्रण करत असेल, तर तासाला जवळजवळ एक जीबी जागा खातो. बारा कॅमेरे रात्रंदिवस चालू ठेवले, तर दोन टीबीची हार्डडिस्क आठवडाभरात भरते आणि जुन्यावर नवं चित्रण चढायला लागतं. नक्कल केल्याची तक्रार मात्र पुष्कळदा पेपरनंतर काही आठवड्यांनी चौकशी समितीपुढे येते, आणि तोवर पुरावा पुसला गेलेला असतो. तो मुलावरचा आरोप सिद्ध करणारा असू शकतो, तसाच एखाद्या निरपराध मुलाला सोडवणाराही. म्हणून दर आठवड्याला चित्रण वेगळ्या डिस्कवर उतरवण्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे पत्रात नावानिशी यावं. रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर असावं, आणि रेकॉर्डरबरोबर कॅमेऱ्यांची वीजही इन्व्हर्टरवर असावी. रेकॉर्डर चालू आणि कॅमेरे बंद, असं वीज गेल्यावर सर्रास होतं.

आता पर्यवेक्षक. आठ खोल्यांना आठ, पाणी-लघवीच्या सुटीसाठी बदली दोन आणि सर्वांवर एक वरिष्ठ पर्यवेक्षक. अकरा झाले आणि महाविद्यालयात शिक्षकही अकराच आहेत. वरवर हिशेब जुळतो, पण प्रत्यक्षात तो पहिल्याच आठवड्यात मोडतो. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाला त्या खोलीत ठेवणं योग्य नाही. परीक्षा चालू असतानाच मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रावर पेपर तपासायला शिक्षकांना बोलावणं येतं. एखादा आजारी पडतो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक सत्र संपताना संपलेली असते. अकरापैकी तीन गेले, की दोन खोल्यांना मिळून एक पर्यवेक्षक अशी वेळ येते, आणि गैरप्रकाराला वाट तिथेच मिळते.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. आपल्याच मुलांवर आपलेच शिक्षक नजर ठेवणार, याला आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. दहावी-बारावीच्या २०२५ च्या परीक्षेत राज्य मंडळाने पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर बाहेरच्या शाळांतले केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक नेमायचं ठरवलं, ते याच कारणाने. म्हणून प्राचार्यांनी शेजारच्या एक-दोन महाविद्यालयांशी आधीच बोलून पाच-सहा शिक्षकांची अदलाबदल ठरवावी आणि त्यांच्या प्राचार्यांचं संमतिपत्र सोबत जोडावं. त्यामुळे संख्या पुरते आणि आक्षेपालाही उत्तर मिळतं.

मसुद्यात ज्याचा उल्लेखच नाही, अशी एक खोली अजून राहिली. अनेक विद्यापीठांत प्रश्नपत्रिका आता गठ्ठ्याने येत नाही. पेपरच्या थोडं आधी ती ऑनलाइन येते, पासवर्डने उघडते आणि केंद्रावरच छापावी लागते. १७५ मुलांची चार पानी प्रश्नपत्रिका दोन्ही बाजूंनी छापली, तरी ३५० कागद होतात. मिनिटाला पंचवीस कागदांच्या, म्हणजे पन्नास बाजूंच्या वेगाने एका यंत्राला चौदा मिनिटं लागतात. मध्ये कागद अडकला, तर पेपर उशिरा सुरू होतो. म्हणून दोन छपाईयंत्रं, नेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या आणि जनित्र यांचा उल्लेख पत्रात हवाच. उत्तरपत्रिकांसाठी कुलपाचं लोखंडी कपाटही तक्त्यात दाखवावं.

पत्र पोचल्यावर विद्यापीठ पाहणीसाठी समिती पाठवू शकतं. समिती बाक मोजते, कॅमेऱ्याचं चित्र पाहते, हजेरीपटावरून शिक्षकांची नावं पडताळते. कागदावर ७०० आणि जागेवर १९२ निघाले, की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो आणि प्रकरण पुढच्या वर्षावर जातं. त्या वर्षभर मुलं तीच ३४ किलोमीटरची वाट तुडवतात.

प्राचार्यांना एवढीच विनंती आहे की, सही करण्यापूर्वी टेप घेऊन एक खोली स्वतः मोजावी, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसावं आणि शिक्षकांच्या यादीतून तीन नावं खोडून उरलेल्यांत परीक्षा पार पडते का, ते पाहावं. तेवढ्यावर जे आकडे टिकतील, तेच पत्रात घालावेत.