आणि-किंवा-व्यस्त तर्कद्वार

आदानांवर ‘आणि’, नंतर ‘किंवा’ व शेवटी व्यस्तीकरण या तिन्ही क्रिया एकाच टप्प्यात करणारे संयुक्त तर्कद्वार. याचे सर्वांत साधे उदाहरण य = (क·ख + ग)′ हे होय. सीमॉस (पूरक धातू-ऑक्साइड-अर्धसंवाहक) तंत्रात ‘आणि’ व ‘किंवा-व्यस्त’ ही द्वारे निरनिराळी बांधल्यास १० ट्रँझिस्टर लागतात. संयुक्त द्वारास ६ पुरतात.

प्रत्येक सीमॉस द्वारात दोन जाळी असतात. खालचे जाळे प्रदान भूमीशी जोडून त्याला ० कडे ओढते, तर वरचे जाळे ते पुरवठ्याशी जोडून १ कडे नेते. एन-प्रकारचा ट्रँझिस्टर आदान १ असता संवाहक होतो व ० चांगला पोहोचवतो. १ मात्र तो सीमादाबाइतका घटवून पोहोचवतो. पी-प्रकाराचे वर्तन याच्या उलट असते. म्हणून खाली केवळ एन व वर केवळ पी योजतात. आदान १ झाल्याने प्रदान ० होत असल्याने व्यस्तीकरण आपोआपच घडते, त्यासाठी वेगळा ट्रँझिस्टर लागत नाही.

आकृती काढताना आरंभ खालच्या जाळ्यापासून करणे सोयीचे असते. व्यस्तचिन्ह बाजूला ठेवून क·ख + ग ही राशी वाचावी : ‘आणि’ म्हणजे एकसरी जोडणी, ‘किंवा’ म्हणजे अनेकसरी. त्यानुसार क व ख यांचे एन-ट्रँझिस्टर एकसरीत येतात आणि ग चा ट्रँझिस्टर त्या जोडीला अनेकसरीत जोडला जातो. वरच्या जाळ्यात एकसरीच्या जागी अनेकसरी व अनेकसरीच्या जागी एकसरी येते. क व ख यांचे पी-ट्रँझिस्टर अनेकसरीत व त्या जोडीशी ग चा एकसरीत. ग चा ट्रँझिस्टर प्रदानाच्या बाजूस ठेवल्यास प्रदानावरील धारिता कमी होते.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे खालचीच रचना वर पी-ट्रँझिस्टरांनी जशीच्या तशी काढणे. क = ख = १ व ग = ० असता खालची क-ख शाखा संवाहक असते आणि वर एकटा ग चा ट्रँझिस्टरही संवाहक होतो. परिणामी पुरवठ्यापासून भूमीपर्यंत सतत प्रवाह वाहतो व प्रदान मध्येच कोठेतरी अडकते. क = ख = ० व ग = १ असताही हेच घडते. तेव्हा आठही आदानसंचांसाठी दोहोंपैकी नेमके एकच जाळे संवाहक आहे ना, हे पडताळावे. दोन्ही बंद राहिल्यास प्रदान तरंगते.

मापांचाही विचार करावा लागतो. पी-प्रकारातील वाहकांची चलनशीलता एन-प्रकाराच्या सुमारे निम्मी धरून साध्या व्यस्तकात एनची रुंदी १ व पीची २ घेतात. तितकाच रोध येण्यासाठी या द्वारात क व ख यांचे एन २, ग चा एन १ आणि तिन्ही पी ४ रुंदीचे लागतात. एकसरीतील ट्रँझिस्टर वाढले, की ही रुंदी व तिच्याबरोबर धारिता वाढत जाते. म्हणून तीन-चारांपेक्षा अधिक ट्रँझिस्टर सहसा एकसरीत जोडत नाहीत.