गोठलेली टाकी

मार्गशीर्षातलं लग्न होतं, निफाडजवळच्या एका खेड्यात. संध्याकाळ होताच हवेत बोचरा गारठा आला होता आणि मांडवामागे आचारी बुंदी पाडत होते. मोठी भट्टी, वर हातभर रुंद कढई, शेजारी एकोणीस किलोची टाकी. अर्धापाऊण तास झाला आणि भट्टीचा फुफाटा हळूहळू बसायला लागला. तेल निवायला लागलं, बुंदी तळाशी बसू लागली. आचाऱ्यांनी रेग्युलेटर पूर्ण मोकळा सोडला, तरी ज्योत काही उठेना. टाकीकडे पाहिलं तर खालच्या वीतभर भागावर पांढरा थर धरलेला. मी बोट फिरवलं, तर ते खरखरीत हिमच होतं.

“गॅस गोठला,” आचारी म्हणाले. “थंडीत होतंच असं. नवी टाकी आणा.”

नवी टाकी लागली आणि बुंदी पार पडली. जुनी भिंतीशी ढकलून दिली. तिला हलवलं तेव्हा आत काहीतरी डचमळल्याचा आवाज मात्र मला स्पष्ट ऐकू आला होता.

गॅस गोठला, हे सगळेच म्हणतात. तो गोठलेला नसतो, गोठूच शकत नाही. आपल्या टाकीत प्रामुख्याने ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन गोठायला उणे 138 अंश लागतात, प्रोपेनला त्याहूनही बरेच खाली जावं लागतं. टाकीच्या आत त्या वेळी जे चाललेलं असतं ते गोठण्याच्या अगदी उलट आहे: तिथे द्रव उकळत असतो.

टाकीत भरलेला असतो तो द्रव. वर थोडी जागा मोकळी ठेवलेली असते आणि त्या जागेत त्याच द्रवाची वाफ दाबून बसलेली असते. आपण शेगडीत जाळतो ती ही वाफ. खटका फिरवला की वरची थोडी वाफ निघून जाते, दाब किंचित उतरतो आणि ती तूट भरून काढायला खालचा द्रव उकळायला लागतो. ब्युटेन मोकळ्या हवेत उणे अर्ध्या अंशाला उकळतं, प्रोपेन उणे 42 अंशांना. म्हणजे आपल्या खोलीचं तापमान त्यांच्या दृष्टीने चुलीवरच्या आधणासारखंच. फक्त टाकीतल्या दाबाने त्यांना धरून ठेवलेलं असतं.

आता आधण उकळतं ठेवायचं तर खालून जाळ लागतो. पाणी 100 अंशांना पोचलं की त्याचं तापमान वाढत नाही, तरी जाळ खर्च होतच राहतो. ती उष्णता जाते कुठे? द्रवाचे रेणू एकमेकांना बिलगून असतात आणि त्यांना सुटं करायला ती खर्ची पडते. शाळेच्या पुस्तकात तिला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हटलं होतं. रसायनशास्त्र तिलाच बाष्पीभवनाची एन्थाल्पी म्हणतं. या जड शब्दात एक बारीक हिशेब दडलेला आहे. रेणू सुटे करण्याचा खर्च तर त्यात आहेच, शिवाय नव्याने झालेली वाफ आजूबाजूला रेटून स्वतःसाठी जागा करते, त्या रेटण्याचाही खर्च त्यात धरलेला असतो. आपल्या गॅसच्या बाबतीत हा दुसरा खर्च एकूण रकमेच्या साधारण दहावा हिस्सा असतो.

एक किलो गॅसची वाफ करायला सुमारे 360 किलोज्यूल उष्णता लागते. पाण्याला याच्या सहापट लागते, त्यामुळे हा आकडा काही फार मोठा नाही. पण पाण्याच्या पातेल्याखाली जाळ असतो आणि टाकीखाली काहीच नसतं. मग उष्णता द्यायची कोणी? आधी द्रव स्वतःच्याच अंगातली देतो. सर्वांत चपळ रेणू आधी निसटतात, मागे उरतात ते मंद, म्हणजेच द्रव थंड होतो. त्याच्याबरोबर पत्रा थंड होतो आणि मग आसपासची हवा त्या गार पत्र्याला ऊब द्यायला लागते. हवा देईल तेवढंच उत्पन्न आणि वाफ होईल तेवढा खर्च. खर्च वाढला की टाकी शिल्लक मोडून खाते, आणि ती शिल्लक म्हणजे तिचं तापमान.

यातली गंमत अशी, की तोच एक किलो गॅस जळताना जवळजवळ 46 हजार किलोज्यूल देतो. त्यातला एक टक्काही टाकीकडे परत आला असता तर हिम पडलंच नसतं. पण जाळ रबरी नळीच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि तो तिथेच असलेला बरा.

घरच्या शेगडीवर हे सहसा जाणवत नाही. एक शेगडी पूर्ण पेटवली तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. त्याची वाफ करायला लागणारी उष्णता पंधरा-सोळा वॉट भरते, म्हणजे देवघरातल्या जुन्या झिरोच्या बल्बइतकी. एवढी उष्णता ओट्याखालची हवा सहज पुरवते आणि टाकी तीन-चार अंशच उतरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र तेवढ्यानेही दव धरतं, कारण हवा बाष्पाने आधीच ओथंबलेली असते. पुरणपोळ्यांच्या दिवशी टाकीला घाम फुटतो तो हा. तिच्या बुडाचं गंजकं वर्तुळ फरशीवर उमटतं, त्यालाही हा घाम हातभार लावत असतो.

आता निफाडच्या मांडवात परत येऊ. तसली भट्टी तासाला दोन किलो गॅस खाते, म्हणजे 200 वॉट उष्णता सतत हवी. समजा टाकीत सहा किलो गॅस उरला होता आणि सगळ्याचं तापमान चौदा अंश होतं. सहा किलो द्रव आणि जवळपास एकोणीस किलो लोखंड मिळून एक अंश उतरताना 24 किलोज्यूल देतात. अर्ध्या तासात एक किलो गॅस गेला, त्याला 360 किलोज्यूल लागले. हवेने काहीच दिलं नसतं तर टाकी सरळ पंधरा-सोळा अंशांनी उतरली असती. हवा थोडं देते, पण द्रव तळाशी वीतभरही उरलेला नसतो आणि ऊब शिरते ती मुख्यतः द्रवाला टेकलेल्या पत्र्यातूनच. तेवढ्याशा पत्र्यातून तीस-चाळीस वॉटच मिळतात. म्हणून अर्ध्या तासात टाकी शून्याच्या आसपास आणि थोड्याच वेळात शून्याखाली गेली.

भरलेल्या टाकीवर हीच भट्टी चालवली तर तापमान इतकं झपाट्याने पडत नाही. शिल्लक मोठी असते आणि ऊब घेणारा पत्राही जास्त असतो. टाकी संपत येते तेव्हाच हा प्रकार का होतो, ते यात आलं.

ज्योत बसण्याचं कारणही तापमानच. वाफेचा दाब तापमानावर ठरतो. 30 अंशांना ब्युटेनच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या पावणेतीनपट असतो, तर शून्याला तो जेमतेम हवेइतकाच राहतो. मग नळीतून गॅस ढकलणार कोण? प्रोपेन गारठ्यातही जोर धरून असतं, पण ते चंचल असल्याने टाकी वापरताना तेच आधी जास्त प्रमाणात निघून जातं. तळाशी राहतं ते ब्युटेनबहुल मिश्रण. म्हणजे दाबाची गरज असते नेमकी तेव्हाच दाब देणारा जोडीदार निघून गेलेला असतो.

रेग्युलेटरमधून गॅस प्रसरण पावतो म्हणून टाकी गार पडते, असं काही जण सांगतात. प्रसरणाने थोडा गारवा येतो हे खरं, पण तो रेग्युलेटरपाशी. हिमाची रेघ टाकीच्या खालच्या भागात, द्रवाच्या पातळीशी असते, आणि ती पातळी उतरेल तशी तीही उतरते. टाकीत किती उरलंय ते त्यावरून अंदाजाने कळतं. याउलट व्हॉल्व्हवर किंवा नळीच्या जोडावर हिम दिसलं आणि सूं आवाज येत असला तर ती गळती समजावी. जाळ विझवून, विजेच्या बटणांना हात न लावता 1906 या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा.

त्या पांढऱ्या थराची एक बाजू मला फार आवडते. आत वाफ होताना टाकी उष्णता मागते आणि बाहेर हवेतल्या बाष्पाचं पाणी होताना तेच बाष्प उष्णता सोडतं. एक ग्रॅम दव पत्र्यावर धरलं की त्यातून आतल्या सहासात ग्रॅम गॅसची वाफ होण्याइतकी ऊब मिळते. दमट हवा टाकीला कोरड्या हवेपेक्षा जास्त मदत करते ती अशी. हिमाचा थर जाड झाला की मात्र तोच गोधडीसारखा आड येतो.

आपल्या माठातही हेच चालतं, तरी माठावर कधी हिम धरत नाही. माठातलं पाणी थंड होईल तसं त्याचं बाष्पीभवन मंदावतं आणि हवेतल्या ओलाव्यापाशी त्याची धाव थांबते. टाकीतल्या द्रवाला हवेच्या ओलाव्याशी काही देणंघेणं नाही. नळी ओढत राहील तोवर तो उकळत राहतो.

मांडवात यावर जे उपाय चालतात ते पाहून छातीत धस्स होतं. कोणी टाकी आडवी करतं. मग नळीत वाफेऐवजी द्रवच येतो, तो बाहेर पडताना सुमारे अडीचशेपट फुगतो आणि भट्टीचा भडका उडतो. कोणी खाली निखारे सरकवतं, कोणी कढत पाण्याचं घमेलं ठेवतं. ऊब हवी हे त्यांचं ओळखणं बरोबर आहे, पण किती ऊब लागली आणि आत दाब किती चढला हे बाहेरून दिसत नाही. योग्य मार्ग साधा आहे: दोन किंवा तीन टाक्या एकाच जोडनळीवर लावायच्या. प्रत्येकीवरचा भार निम्मा किंवा तिसरा हिस्सा होतो, ऊब घेणारा पत्रा तेवढ्याच पटीने वाढतो. मोठ्या हॉटेलांतून तर मुद्दाम द्रवच बाहेर काढणाऱ्या वेगळ्या टाक्या असतात. त्यांच्यापुढे व्हेपोरायझर नावाचं यंत्र बसवतात आणि वाफ करायची उष्णता ते यंत्र पुरवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवताना तंटा झाला. एजन्सीने टाकी कमी भरून दिली, असं मुलीच्या काकांचं ठाम मत. शेजारच्या कांद्याच्या खळ्यात काटा होता. टाकी त्यावर चढवली आणि तिच्या पट्टीवर लिहिलेलं रिकामं वजन वजा केलं, तर आत पाच किलोला थोडा कमी गॅस निघाला. काका काट्यावरच संशय घेऊ लागले. आचाऱ्यांनी वाद न घालता टाकी उन्हात उभी केली होती तिथून उचलली, छोट्या शेगडीला जोडली आणि पाहुण्यांच्या चहाचं आधण तिच्यावरच ठेवलं.