घर बदलताना लिफ्टचे तीन तास

सोसायटीत सामान हलवायचं म्हटलं की सेक्रेटरींचा पहिला प्रश्न असतो, ‘लिफ्ट किती वेळ लागेल?’ आपण अंदाजाने ‘दोन-तीन तास’ म्हणून मोकळे होतो. नंतर दुपारी दीडला अर्धं सामान लॉबीत, अर्धं टेम्पोत, आणि शाळेतून आलेली मुलं दप्तरं घेऊन लिफ्टसमोर उभी, असं दृश्य दिसतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर आधी नीट काढायला हवं. ते काढणं अवघड नाही.

ठाण्यातल्या एका नऊ मजली इमारतीचं उदाहरण धरू. नवव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर आहे आणि लिफ्ट आठ माणसांची आहे. अशा घरातून साठेक खोकी निघतात, शिवाय फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं, सोफा, पलंगाच्या फळ्या अशा पंधरा-वीस मोठ्या वस्तू. सगळं मिळून साधारण पंचवीस फेऱ्या होतात. लिफ्ट सेकंदाला एक मीटर जात असेल तर नऊ मजल्यांचे सत्तावीस-अठ्ठावीस मीटर ती अर्ध्या मिनिटात चढते. दार उघडणं-मिटणं धरून जायला एक मिनिट, यायला एक मिनिट. उरलेला सगळा वेळ ती दार उघडं ठेवून उभी असते. खाली भरायला दोन मिनिटं आणि वर उतरवायला दोन मिनिटं धरली, तर फेरी सहा मिनिटांची झाली. पंचवीस फेऱ्यांचे अडीच तास.

हा हिशेब एकाच अटीवर जमतो. हमालांच्या दोन तुकड्या हव्यात, एक खाली भरणारी आणि एक वर उतरवणारी. तीच चार माणसं सामानासोबत वर जाऊन, खोकी थेट बेडरूममध्ये रचून, पुन्हा खाली येत असतील तर फेरी दहा-बारा मिनिटांची होते आणि अडीच तासांचे साडेचार-पाच तास होतात. लिफ्ट तेवढीच, सामानही तेवढंच. पॅकर्सवाल्याशी भाव ठरवताना माणसं किती येणार हे आपण विचारतो. त्यातली वर किती थांबणार हेही विचारावं. आणि वरच्यांना सांगावं की खोकी आधी नवव्या मजल्याच्या लॉबीत उतरवा, लिफ्ट सोडा, मग घरात न्या. मात्र शेजारच्या दारासमोर आणि जिन्याच्या तोंडाशी काही ठेवू नका.

दुसरी अडचण दाराची. हमाल लिफ्टचं दार मिटू नये म्हणून त्यात एक खोकं अडकवतात. दार मिटायला येतं, खोक्याला अडतं, पुन्हा उघडतं. असं वीस-पंचवीस वेळा झालं की लिफ्ट ओरडायला लागते, आणि काही लिफ्ट बंदच पडतात. त्याऐवजी सोसायटीच्या ऑफिसात लिफ्टच्या किल्लीची चौकशी करा. बऱ्याच लिफ्टमध्ये आतल्या बटणांजवळ किल्लीचं किंवा झाकणामागचं एक बटण असतं. ते लिफ्टमनसाठी केलेलं असतं. ते फिरवलं की लिफ्ट मजल्यांवरच्या बटणांना ओ देत नाही आणि आतून बटण दाबेपर्यंत दार उघडं राहतं. ही किल्ली वॉचमनकडे किंवा सोसायटीने नेमलेल्या माणसाकडेच असावी, कारण ती फिरवून ठेवली की बाकी सगळ्या मजल्यांची लिफ्ट बंद. जेवणाची सुट्टी झाली की किल्ली परत फिरवलीच पाहिजे.

उंबऱ्याकडे विशेष लक्ष हवं. लिफ्टच्या दारात खाली पत्र्याची खाच असते आणि दार त्या खाचेतून सरकतं. थर्माकोलचे दाणे, चिकटपट्टीचे गोळे, पलंग उघडताना सुटलेला एखादा स्क्रू त्यात पडला की दार दोन बोटांवर येऊन थांबतं आणि लिफ्ट हलत नाही. लोक मग दार ढकलतात, तर बिघाड वाढतो. फ्रिजच्या ट्रॉलीची चाकंही याच खाचेवर आदळतात. उंबऱ्यावर प्लायची एक फळी टाकून सामान आत घ्या, प्रत्येक फेरीला ती उचला आणि मधूनमधून खाच ब्रशने झाडा. आतल्या स्टीलच्या भिंतींना पुठ्ठे लावण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत घेताना जुना ओरखडा कोणता यावर वाद होत नाही.

वजनाची गोष्ट सोपी, पण फसवी. आपल्याकडे लिफ्टची क्षमता माणशी ६८ किलो धरतात, म्हणून आठ माणसांच्या पाटीवर ५४४ किलो लिहिलेलं असतं आणि सहा माणसांच्या पाटीवर ४०८. लोखंडी कपाट बघून सगळे घाबरतात. रिकामं कपाट आणि तीन हमाल मिळून या मर्यादेच्या बरंच आत बसतात. अडचण पुस्तकांची आणि भांड्यांची. पंचवीस किलोची वीस खोकी म्हणजे ५०० किलो, त्यात एक माणूस शिरला की मर्यादा ओलांडली, आणि लिफ्टमध्ये जागा तर अजून मोकळी दिसते. भोंगा वाजला तर दोन-तीन खोकी बाहेर काढायची.

मापाचं मात्र आदल्या आठवड्यातच बघा. आठ माणसांची लिफ्ट आतून साधारण १.३ मीटर रुंद आणि १.१ मीटर खोल असते, दार ८० सेंटिमीटरचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तरी १.७ मीटर भरतं. सहा फूट बाय साडेसहा फुटांची स्प्रिंगची गादी म्हणजे १.८३ मीटर बाय १.९८. ती कशीही उभी केली तरी आत मावत नाही आणि दुमडताही येत नाही. ती जिन्यानेच चढणार. म्हणजे जिनाही आपल्याला लागणार आहे, आणि प्रत्येक मजल्यावर ज्यांच्या कुंड्या आणि चपलांचे स्टँड वळणावर आहेत, त्यांना ते आधी कळायला हवं.

आता वेळ मागू या. घर बदलताना सोसायट्या दोन असतात, आणि दोघींचे नियम एकमेकींना ठाऊक नसतात. जुनीकडून बाकी भरल्याचं पत्र आणि गेटपास हवा, नाहीतर भरलेला टेम्पो गेटवर अडतो. नवी सोसायटी भाडेकरूकडून नोंदणी केलेला करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच मागते. हे कागद चार दिवस आधी ऑफिसात देऊन टाका. अवघड असतं ते दोन वेळा जुळवणं. जुनीकडे सकाळी नऊ ते बारा मिळाले, नवीकडे दुपारी दोन ते चार शांततेची वेळ आहे आणि संध्याकाळी सहानंतर माणसं कामावरून परतत असल्याने सामानाला लिफ्ट बंद, तर आपल्या हाती चार ते सहा एवढेच दोन तास उरतात. लागणार आहेत अडीच. टेम्पो घोडबंदर रोडवर अर्धा तास अडकला की सामान रात्रभर गाडीत आणि थांबण्याचे पैसे वेगळे. अशा वेळी एका दिवसाचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आज भरून ठेवा, उद्या सकाळी दहा ते एक चढवा. गाडी रात्री थांबवण्याचा दर आधी ठरवला तर तो कमी पडतो.

महिनाअखेर आणि मुहूर्ताचे दिवस आणखी कठीण. अकरा महिन्यांचे करार बहुधा महिन्याच्या शेवटी संपतात, त्यामुळे तीस-एकतीस तारखेला एकाच लिफ्टवर दोन-दोन घरं येतात. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी तर सगळ्यांनाच नव्या घरात जायचं असतं. पण मुहूर्त गृहप्रवेशाचा असतो, कपाटांचा नाही. त्या दिवशी देव, कलश आणि दूध उतू घालायला एक शेगडी घेऊन जावं. त्याला लिफ्टची नोंद लागत नाही. सामान दुसऱ्या दिवशी आणावं.

वेळ पक्की करण्याआधी आणखी एक विचारा: या विंगेत लिफ्टशिवाय कोणाचं अडतं? वॉचमनला हे सेक्रेटरींपेक्षा जास्त माहीत असतं. सातव्या मजल्यावरच्या काकांचं डायलिसिस मंगळवारी अकराला असेल, तर मंगळवार नको. तो बदलता येत नसेल, तर पावणेअकरा ते सव्वाअकरा लिफ्ट मोकळी ठेवायची आणि हमालांचा चहा त्याच वेळी.

राहिला आवाज. लोक सामान येण्याच्या दिवसाची सूचना लावतात, पण शेजाऱ्यांना खरा त्रास होतो तो पुढच्या चार दिवसांच्या ड्रिलचा. काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत ड्रिल घातलं की आवाज हवेतून कमी आणि सांगाड्यातून जास्त जातो, म्हणून दोन मजले खाली असलेल्या माणसालाही तो आपल्याच भिंतीत चालल्यासारखा वाटतो. पडद्यांचे रॉड, टीव्ही, पाण्याचा फिल्टर, देव्हारा, घड्याळ धरून घरात चाळीसेक भोकं होतात. एकेकाला एक मिनिट, म्हणजे खरा आवाज पाऊण तासाचा. पण एक भोक आज, दोन उद्या, असं केलं की इमारतीला तो आठवडाभर ऐकू येतो. आधी सगळ्या खुणा पेन्सिलने करून घ्या, मग इलेक्ट्रिशियनला एकाच दिवशी बोलवा. निवासी भागासाठी कायद्यात रात्रीची वेळ दहा ते सहा धरली आहे. सोसायटीचे नियम बहुतेक त्याहून कडक असतात आणि पाळायचे ते हेच. जुन्या घरी आदल्या रात्री पलंग उघडताना होणारी ठोकाठोकही यातच येते. ती नऊच्या आत आटपा.

सूचना अशी लिहिता येईल:

‘नमस्कार. आम्ही ९०२ मध्ये राहायला येत आहोत. बुधवारी सकाळी १० ते १ आमचं सामान चढेल. मोठी लिफ्ट तेवढा वेळ आमच्याकडे असेल, लहान लिफ्ट सगळ्यांसाठी चालू राहील. गादी जिन्याने न्यावी लागेल, साधारण साडेअकराला. शुक्रवारी ११ ते १ भिंतीत ड्रिल चालेल, त्यानंतर नाही. त्या वेळी कोणाची परीक्षा, आजारपण किंवा झोपणारं बाळ असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, वेळ बदलू. खाली माझा नंबर दिला आहे.’

हा कागद लिफ्टशेजारी लावा आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाका. पण ८०२, ७०२ आणि भिंतीला भिंत असलेल्या ९०१ मध्ये स्वतः जाऊन सांगा. तिथे आजी दार उघडतात, त्यांचं ग्रुपवर लक्ष नसतं. ‘आजी, शुक्रवारी अकराला थोडा आवाज होईल, तुमची झोपायची वेळ कधी असते?’ एवढं विचारलं की त्या सांगतात, ‘मी एकनंतर पडते, त्याच्या आत कर बाबा.’ तेवढ्यावर ड्रिलची वेळ ठरते.

सामान बाराला संपलं तर एकची वाट बघत बसू नका. पुठ्ठे काढा, खाच झाडा, किल्ली वॉचमनकडे द्या आणि ग्रुपवर लिहा, ‘लिफ्ट मोकळी झाली आहे.’ साडेबाराला शाळेची बस येते.